विषय: पीएच.डी. प्रवेश आणि बेसॉल्टमधलं भूजल – २० मिनिटांच्या व्हिडिओ कॉलची विनंती

दि. ८ सप्टेंबर २०२६, सासवड

आदरणीय देवधर मॅडम,

सादर नमस्कार.

मी मुग्धा जगताप, सासवडची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून २०२३ मध्ये भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. तेव्हापासून पाणलोटाचं काम करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेत भूजलाची कामं बघते. २०२७ च्या फॉल सत्रासाठी मला तुमच्या विभागात पीएच.डी.ला अर्ज करायचा आहे. त्याआधी तुमच्याशी १५-२० मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलता येईल का, हे विचारण्यासाठी लिहिते आहे. माझा प्रश्न तुमच्या गटाच्या कामात बसतो का, आणि पुढच्या वर्षी नवा विद्यार्थी घ्यायचा तुमचा विचार आहे का, या दोन गोष्टी वेबसाइटवरून कळत नाहीत.

तुम्ही घाईत असाल तर इथपर्यंत वाचलंत तरी पुरे. सोयीच्या वेळा शेवटी दिल्या आहेत.

ऑगस्टमधल्या ऑनलाइन व्याख्यानानंतर तुम्ही म्हणाला होतात, की कुणाला संपर्क करायचा असेल तर मराठीत लिहिलं तरी चालेल, फक्त प्रश्न नेमका लिहा. म्हणून हे पत्र मराठीत. सीव्ही, गुणपत्रिका आणि दोन पानांचा संशोधनाचा मसुदा इंग्रजीत सोबत जोडला आहे.

त्या व्याख्यानात तुम्ही अमेरिकेतल्या पलूस खोऱ्यातल्या ग्रँड राँड जलधराचा आलेख दाखवला होता. पाण्याची पातळी वर्षाला साधारण फूटभर खाली जाते आहे आणि ही घसरण कित्येक दशकं चालू आहे. त्यानंतर तुम्ही कोलंबिया पठारावरच्या जुन्या शेतीविहिरींचा विषय काढलात. वरपासून खालपर्यंत केसिंग न घातलेली एकच विहीर दोन-तीन जलधरांना छेद देते, मग वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खालच्या थरात उतरतं आणि वरच्या थराची पातळी पडते. हे ऐकताना मला आमच्या कऱ्हेच्या खोऱ्यातल्या विहिरी दिसत होत्या. आमच्याकडे हेच घडत असावं असं मला वाटतं. पण वाटणं आणि दाखवता येणं यांत जे अंतर आहे, ते इथे राहून एकटीला कापता येणार नाही. पीएच.डी. करायची आहे ती त्यासाठी.

पुरंदर तालुक्यात कऱ्हेच्या खोऱ्यातल्या तीन गावांत आम्ही ४१ विहिरींची पातळी दर आठवड्याला टेपने मोजतो. अंजीर आणि सीताफळाचा हा पट्टा, पाऊस बेताचा. जुन्या विहिरी पाच-सहा परस खोल. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, आणि तळाशी काळा पाषाण लागला की खोदणं थांबवलेलं. पाणी यायचं ते मुरमातून आणि मांजऱ्यातून. गेल्या पंधरा-वीस वर्षांत याच विहिरींच्या आजूबाजूला बोअर झाले, २०० फुटांचे, ३०० फुटांचे आणि त्याहून खोलही. केसिंग घालतात ते वरच्या मातीमुरमापुरतं, फार तर वीस-पंचवीस फूट. त्याखाली भोक उघडंच. म्हणजे मांजऱ्या खडकातल्या पाण्याला थेट खाली जायला वाट मोकळी.

आमच्या निरीक्षणातल्या एका विहिरीपासून ६० फुटांवर असाच एक बोअर आहे. पंप बंद असताना त्याच्या तोंडाशी कान लावला की आत पाणी पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. टेप सोडली तेव्हा बोअरमधलं पाणी १६० फुटांच्या खाली लागलं; शेजारच्या विहिरीत मात्र त्या दिवशी पाणी २७ फुटांवर होतं. आम्ही दोरीला बांधून कॅमेरा सोडला, तर ३४ फुटांवर भिंतीतून बारीक धार सुटलेली दिसली. विहिरीतला मुख्य झराही जवळपास त्याच खोलीवर आहे. विहिरीचे मालक म्हणाले, "बोअर मारला त्या वर्षापासून विहिरीला फाल्गुनात तळ दिसतोय. आधी वैशाखापर्यंत मोटर चालायची."

हा एक पुरावा झाला, पण एकाच ठिकाणचा. आणि त्याच्यावर आक्षेपही सरळ घेता येतो: त्याच वर्षांत बागा वाढल्या, शेततळी झाली, उपसा वाढला. मग विहीर आटली ती वरचं पाणी खाली गळलं म्हणून, की शेजाऱ्यांनी जास्त उपसलं म्हणून? माझ्या संशोधनाचा प्रश्न हाच आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये उघड्या बोअरमधून थराथरांत होणारी गळती आणि साधा वाढीव उपसा, या दोन्हींचा वाटा वेगळा मोजता येईल का?

याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. उपसा जास्त असेल तर पिकं आणि पाळ्या ठरवाव्या लागतील. गळती मोठी असेल, तर निकामी बोअर नीट बुजवणं आणि नव्या बोअरला काळ्या पाषाणापर्यंत केसिंग घालणं हा तुलनेने स्वस्त उपाय आहे, आणि तो गावाच्या हातातला आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात खोल विहिरींसाठी ६० मीटरची मर्यादा आहे, त्यामुळे ग्रामसभेत बोलणं होतं ते खोलीबद्दल. केसिंग कुठपर्यंत घातलं, हे कुणी विचारत नाही. आमच्या नोंदवहीत तो रकाना आम्ही गेल्या वर्षी घातला, आणि बहुतेक बोअरसमोर तो भरायला माहितीच मिळाली नाही.

तुमच्याकडचा आणि आमच्याकडचा बेसॉल्ट सारखा नाही, याची मला जाणीव आहे. कोलंबियाचे थर दख्खनपेक्षा खूप तरुण, आणि तिथे दोन प्रवाहांमधल्या पट्ट्यातून पाणी दूरवर जातं. आमच्याकडे थर लहान लहान पदरांचे, मधेच गेरूचा पट्टा, मधेच डाइक. साठा उथळ, पावसाळ्यात भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत रिकामा होतो. तुमच्या खोल जलधराची घसरण दशकांत दिसते, आमची विहीर एका वर्षात सगळं चक्र पुरं करते. पण ही अडचण मला संधीही वाटते. गळती असेल तर तिची खूण दर वर्षी पावसाळा संपल्यावर, विहीर उतरायला लागते त्या काळात पुन्हा पुन्हा मिळायला हवी. त्या काळातला उताराचा वेग बोअर असलेल्या आणि नसलेल्या विहिरींत ताडून पाहण्याचा प्रयत्न मी मसुद्यातल्या दुसऱ्या आलेखात केला आहे. तो आलेख तुम्ही पाहावा अशी फार इच्छा आहे. उरलेला मसुदा नाही वाचला तरी चालेल.

मोजणीबद्दल थोडं सांगते, कारण आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे त्यावरच ठरतं. शेतीची थ्री-फेज वीज आठ तास येते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज आली की सगळीकडच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि मग पातळीला काही अर्थ उरत नाही. म्हणून आम्ही फीडरचं वेळापत्रक बघून वीज येण्याआधी मोजतो. गावातल्या दोन मुलींना हे काम शिकवलं आहे आणि त्या ते माझ्यापेक्षा काटेकोर करतात. तीन विहिरींत दाबमापक लॉगर आहेत, हवेच्या दाबाची दुरुस्ती करून त्यांच्या नोंदी दर पंधरा मिनिटांनी मिळतात. दोन पावसाळ्यांची सलग माहिती हाताशी आहे, हा तिसरा. शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चार वेळच्या असतात. लांबचा कल पाहायला त्या उपयोगी आहेत, पण उताराचा वेग त्यांतून काढता येत नाही.

माझी तयारी कुठे कमी पडते तेही लिहिते. क्षेत्रकाम, खडकांचा नकाशा आणि पंपिंग टेस्ट मी आत्मविश्वासाने करते. मोठ्या व्यासाच्या विहिरीत साठलेल्या पाण्याचा हिशेब धरावा लागतो, त्यासाठी पापाडोपुलोस-कूपर पद्धत वापरली आहे. पायथनमध्ये माहिती साफ करणं आणि आलेख काढणं जमतं. मॉडफ्लोवर मात्र शिकाऊ उदाहरणांपलीकडे काम झालेलं नाही, आणि समस्थानिकांचं विश्लेषण फक्त वाचून माहीत आहे. वरच्या आणि खालच्या थरांतलं पाणी वेगळं ओळखायला ऑक्सिजन-१८ आणि ट्रिटियम आमच्याकडे उपयोगी पडतील का, की दोन्ही पाणी इतकं ताजं असेल की फरकच दिसणार नाही, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे.

कॉलमध्ये मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, एवढ्या कमी काळाच्या नोंदींवर हा प्रश्न पीएच.डी.च्या तोलाचा ठरतो का, की तो आणखी नेमका करायला हवा. दुसरी, तुमच्या गटात राहून पुरंदरमध्ये क्षेत्रकाम करणं शक्य आहे का. ते शक्य नसेल तर पलूसमधल्या विहिरींवर हीच पद्धत वापरायलाही मी आनंदाने तयार आहे. तिसरी गोष्ट पैशांची. घरून शुल्क भरता येण्यासारखी परिस्थिती नाही, त्यामुळे रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटशिप असल्याशिवाय मला येता येणार नाही. २०२७ साठी तशी शक्यता कितपत आहे, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत तर फार मदत होईल. उत्तर "नाही" असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कारण अर्जांची मुदत डिसेंबरच्या आसपास संपते आणि अर्जाचा खर्च बघता मी तीन-चार ठिकाणीच अर्ज करू शकेन.

बी.एस्सी. आणि एम.एस्सी. मिळून माझं पाच वर्षांचं शिक्षण झालं आहे. थेट पीएच.डी.ला अर्ज करावा की आधी एम.एस.ला, याबद्दल विभागाच्या कार्यालयाला वेगळं लिहिलं आहे. त्यात तुमचा वेळ घेणार नाही.

गणपती झाल्यावर मला या वेळा जमतील. मंगळवार २९ सप्टेंबर किंवा गुरुवार १ ऑक्टोबर, भारतात रात्री ८.३०, म्हणजे तुमच्याकडे त्याच दिवशी सकाळी ८. किंवा शनिवारी ३ ऑक्टोबरला इथे सकाळी ७.३० वाजता, म्हणजे तुमच्याकडे शुक्रवारी २ तारखेला संध्याकाळी ७. यांतलं काहीच सोयीचं नसेल तर तुम्ही म्हणाल ती वेळ, अगदी मध्यरात्रीची असली तरी चालेल. तुमच्याकडे सत्र सुरू आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटी सवड मिळणार असेल तर तेव्हाही बोलता येईल. तुम्ही वेळ कळवलीत की झूमची लिंक मी पाठवीन. कॉलच्या वेळी मी सासवडला घरीच असेन, इथे नेटवर्क चांगलं आहे.

बोलणं शक्य नसेल तर दुसऱ्या आलेखाबद्दल दोन ओळी लिहून पाठवल्यात तरी मला त्यातून पुढचं काम करता येईल. तुमच्या गटातल्या एखाद्या पीएच.डी. विद्यार्थ्याशी बोलावं असं तुम्हाला वाटलं, तर त्यांच्याशीही बोलायला आवडेल.

आपली,
मुग्धा जगताप

सोबत: सीव्ही, बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या गुणपत्रिका, संशोधनाचा मसुदा (दोन पानं, तीन आलेख), ४१ विहिरींच्या नोंदींची एक्सेल फाइल, मालकांची नावं काढून.