भाडेकरार परस्पर संमतीने मुदतीआधी संपवल्याचे पत्र

सुनंदा विनायक जोशी
कोथरूड, पुणे ४११०३८
दिनांक : २१ फेब्रुवारी २०२६

प्रति,
श्री. अमोल दत्तात्रय शिंदे व सौ. स्नेहल अमोल शिंदे
सदनिका क्र. ७, दुसरा मजला, डहाणूकर कॉलनी, कोथरूड, पुणे ४११०३८

विषय : सदनिका क्र. ७ चा लिव्ह अँड लायसन्स करार ३० एप्रिल २०२६ रोजी दोघांच्या संमतीने संपवण्याबाबत

अमोल, स्नेहल, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी, १५ फेब्रुवारीला, आपण माझ्या घरी बसून जे ठरवले ते मी या पत्रात लिहून काढत आहे. तोंडी ठरल्यावर पत्र कशाला, असे तुम्हाला वाटू शकेल. या सदनिकेत पूर्वी राहणारे एक कुटुंब असेच बोलाचालीवर घर सोडून गेले. पुढे डिपॉझिटवरून चार महिने दोन्हीकडच्या आठवणी जुळेनात आणि चांगले संबंध तुटले. तुमच्या बाबतीत तसे होऊ नये, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपला करार १ जून २०२५ ते ३१ मे २०२७ असा २४ महिन्यांचा आहे आणि तो नोंदणीकृत आहे. दरमहा शुल्क २२,००० रुपये, बिनव्याजी डिपॉझिट ७५,००० रुपये आणि लॉक-इन १८ महिन्यांचा, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत. अमोल, तुमच्या वडिलांना जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला, आई एकट्या आहेत आणि तुम्हाला लातूरला कायमचे परतणे भाग आहे, हे तुम्ही मला सांगितले. ओवीची दुसरीची परीक्षा एप्रिलअखेर संपेल, म्हणून ३० एप्रिल ही तारीख आपण मिळून निवडली.

त्यानुसार हा करार गुरुवार, ३० एप्रिल २०२६ रोजी संध्याकाळी ६ वाजता दोन्ही पक्षांच्या संमतीने संपुष्टात येईल. ‘रद्द’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. करार रद्द म्हटले की तो मुळात झालाच नव्हता, असाही अर्थ कोणी काढू शकतो. तुम्ही आजवर जवळपास नऊ महिने राहिलात, शुल्क दिलेत, त्या पत्त्यावर ओवीचा शाळाप्रवेश आणि बँकेचे खाते झाले. ते सगळे वैधच आहे आणि राहील. फक्त १ मे २०२६ पासून पुढच्या काळासाठी करार उरणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही पक्षांनी ठरवले तर मूळ करार पुढे पाळण्याचे बंधन राहत नाही. त्याच आधाराने हे पत्र आहे. यात कोणीही कराराचा भंग केलेला नाही. तुम्ही मला नोटीस दिलेली नाही आणि मी तुम्हाला घर सोडायला सांगितलेले नाही.

आता लॉक-इन. करारातले कलम धरले तर मे ते नोव्हेंबर अशा सात महिन्यांचे १,५४,००० रुपये तुमच्याकडून येणे होतात. तुम्ही तीन महिन्यांचे द्यायला तयार होतात, हे मी विसरणार नाही. पण घर मे महिन्यात रिकामे राहील, तेवढेच माझे खरे नुकसान, असे मला वाटते. म्हणून लॉक-इनपोटी एका महिन्याचे २२,००० रुपये एकदाच घ्यायचे ठरले. उरलेल्या १,३२,००० रुपयांवरचा हक्क मी या पत्राने कायमचा सोडत आहे. मी किंवा माझे वारस तो पुन्हा मागणार नाही. मे महिन्यातच नवे कोणी राहायला आले, तर त्यांच्या शुल्काचे जितके दिवस मला मिळतील, तितक्या दिवसांची रक्कम दिवसाला ७०० रुपयांप्रमाणे मी १० जूनपर्यंत तुम्हाला परत करीन. हे तुम्ही मागितले नव्हते, पण एकाच महिन्याचे दोघांकडून घेणे मला पटत नाही.

डिपॉझिटचा हिशेब असा. ७५,००० मधून लॉक-इनचे २२,००० आणि स्वयंपाकघरातला नळ व सिंकखालचा फुगलेला दरवाजा बदलण्याचे १,८०० वजा. तुम्ही खिडक्यांना बसवलेल्या मच्छरजाळ्या मी ४,००० रुपयांना ठेवून घेत आहे, ते जमा. तुम्हाला परत मिळतील ५५,२०० रुपये. भिंतींवरच्या ओवीच्या रेघोट्यांचे किंवा रंगाचे काहीही कापायचे नाही. वापरातली झीज ती वापरातलीच. वडिलांच्या औषधोपचाराचा खर्च चालू आहे, म्हणून त्यातले २०,००० रुपये मी आज सही होताच अमोलच्या खात्यावर पाठवले आहेत. बाकीचे ३५,२०० रुपये ३० एप्रिलला, घर पाहून झाल्यावर, किल्ल्या हातात येतानाच, तुमच्यासमोर पाठवीन. किल्ल्या आधी की पैसे आधी, असा प्रश्न उरू नये.

मार्च आणि एप्रिलचे शुल्क नेहमीप्रमाणे ५ तारखेपर्यंत द्यावे. ते डिपॉझिटमधून वळते करायचे नाही. महावितरणच्या मीटरचे रीडिंग ३० एप्रिलला दोघांनी मिळून पाहावे आणि फोटो काढून ठेवावा. बिल मे महिन्यात येईल, त्यातले त्या रीडिंगपर्यंतचे पैसे तुम्ही बिलाची प्रत मिळाल्यापासून तीन दिवसांत पाठवावेत. गॅसच्या पाइपलाइनच्या बिलाचेही तसेच. सोसायटीचा मेंटेनन्स माझ्याकडेच आहे.

टेम्पो मिळायला उशीर झाला तर ३ मेपर्यंत दिवसाला ७०० रुपये देऊन थांबता येईल. त्यानंतर मात्र मूळ करारातले दुप्पट शुल्काचे कलम लागू होईल. ते लिहिताना मला बरे वाटत नाही, पण लिहिले नाही तर तारखेला अर्थ राहत नाही.

नव्या लोकांना घर दाखवायचे असेल तर मी आदल्या दिवशी स्नेहलला फोन करीन, आणि फक्त शनिवार-रविवारी ५ ते ७ या वेळेत आणीन. ओवीच्या परीक्षेच्या आठवड्यात कोणालाही आणणार नाही. तुम्ही गेल्याचे सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि पोलीस ठाण्यात मी लेखी कळवीन. आधार, बँक आणि टपालाचा पत्ता बदलणे तुमच्याकडे. पार्किंगचे स्टिकर आणि तिन्ही किल्ल्या परत द्याव्यात.

पुढे कोणत्याही कार्यालयाने करार संपल्याचा वेगळा दस्त मागितला, तर दोन्ही पक्ष त्यावर सही करतील आणि खर्च निम्मा-निम्मा. ३० एप्रिलपर्यंत, या पत्रात न आलेल्या सगळ्या बाबींना मूळ करारच लागू राहील. वर लिहिलेली देणी फिटली की एकमेकांकडे काहीही येणे-देणे राहणार नाही.

करारावर तुम्हा दोघांच्या सह्या आहेत, म्हणून इथेही दोघांच्याच हव्यात. पत्राच्या दोन प्रती आहेत. तुमची प्रत मूळ करार आणि इंडेक्स-२ सोबत जपून ठेवा.

तुमच्या वडिलांना लवकर आराम पडो.

आपली,
(सही) सुनंदा विनायक जोशी
सदनिकेच्या मालक

संमती

सुनंदाकाकूंचे वरील पत्र आम्ही दोघांनी पूर्ण वाचले. त्यातली तारीख, रकमा आणि अटी १५ फेब्रुवारीला ठरल्याप्रमाणेच आहेत आणि आम्हाला मान्य आहेत. कोणताही दबाव नसताना, स्वखुशीने सही करत आहोत. २०,००० रुपये आज खात्यात जमा झाले. ३० एप्रिल २०२६ रोजी सदनिका रिकामी करून ताबा देऊ.

(सही) अमोल दत्तात्रय शिंदे
(सही) स्नेहल अमोल शिंदे
पुणे, २१ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार :
(सही) श्रीकांत जोशी, मालकांचे दीर
(सही) मेधा कुलकर्णी, शेजारी, सदनिका क्र. ८