कामं वाटली गेली तर माणसं एकत्र कशी राहतात? डरखाईमच्या दोन एकता

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल डरखाईम याच्यावरची परीक्षेतली बहुतेक उत्तरं एकाच साच्यातली असतात. जुन्या समाजात सगळे सारखे म्हणून यांत्रिक एकता, नव्या समाजात सगळे वेगळे म्हणून सेंद्रिय एकता, खाली दोन रकान्यांचा तक्ता आणि विषय संपला. तक्ता चुकीचा नाहीये, पण त्यातून सगळ्यात अवघड प्रश्नच गळून जातो. श्रमविभागणी वाढली की एकता आपोआप येते का? माझं म्हणणं असं की येत नाही, आणि हे खुद्द डरखाईमला माहीत होतं, फक्त तो ते पुस्तकाच्या शेवटाकडे जाऊन कबूल करतो.

पुस्तक १८९३ चं, श्रमविभागणीवरचं, त्याचा डॉक्टरेटचा प्रबंधच. तेव्हा श्रमविभागणी म्हटलं की सगळ्यांना अ‍ॅडम स्मिथचा १७७६ मधला टाचण्यांचा कारखाना आठवायचा, दहा माणसं काम वाटून घेतात आणि दिवसाला ४८,००० टाचण्या काढतात. डरखाईम म्हणतो, उत्पादन वाढतं ते ठीक, पण ती दुय्यम गोष्ट, श्रमविभागणीचं खरं काम नैतिक आहे, ती माणसांना एकमेकांशी बांधते. आता हे ऐकायला उलटंच वाटतं, कारण कामं वेगळी झाली की आयुष्यं वेगळी होतात, आवडीनिवडी वेगळ्या होतात, मग बांधणार काय?

आधी यांत्रिक एकता बघू, कारण नावामुळेच गडबड होते. यांत्रिक म्हणजे यंत्रयुगातली नाही, उलट यंत्रांच्या कितीतरी आधीची. निर्जीव पदार्थातले रेणू जसे स्वतःची वेगळी हालचाल न करता एकत्र हलतात तशी ही माणसं, म्हणून यांत्रिक. इथे सामूहिक सद्विवेक, म्हणजे सगळ्यांच्या मनात सारख्याच असलेल्या श्रद्धा आणि भावना, माणसाच्या मनाचा जवळजवळ सगळा भाग व्यापतो, स्वतःचं असं फार थोडं उरतं. समाजाची रचनाही तशीच, एकसारख्या कुळांचे तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले, एक तुकडा तुटून गेला तरी बाकीच्यांचं फार अडत नाही.

गंमत अशी की डरखाईमच्या आधी, १८८७ मध्ये, जर्मन समाजशास्त्रज्ञ ट्योनीसने जुन्या जवळच्या समुदायाला सेंद्रिय म्हटलं होतं आणि आधुनिक समाजाला यांत्रिक, कृत्रिम. डरखाईमने १८८९ मध्ये त्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं आणि पुढे स्वतःच्या पुस्तकात पाट्याच उलट्या लावल्या. मला तरी हा योगायोग वाटत नाही, आधुनिक समाज म्हणजे नुसता मोडका जुना समाज नव्हे हे त्याला ठासून सांगायचं होतं.

पण एकता डोळ्यांना दिसत नाही, मोजायची कशी? त्याचं उत्तर, कायद्याकडे बघा. जिथे कायदा मुख्यतः शिक्षा देणारा, तिथे यांत्रिक एकता, कारण गुन्ह्याने सगळ्यांच्या भावना एकदम दुखावतात आणि शिक्षा ही त्या दुखावलेपणाची सामूहिक प्रतिक्रिया असते. जिथे कायदा भरपाई करून गाडी पूर्वपदावर आणणारा, म्हणजे करार, व्यापार, प्रशासन वगैरे, तिथे सेंद्रिय. गुन्ह्याबद्दलचं त्याचं वाक्य तर डोक्यातून जातच नाही: एखादं कृत्य गुन्हा आहे म्हणून आपण त्याचा निषेध करत नाही, आपण निषेध करतो म्हणून तो गुन्हा ठरतो.

बदल का झाला याचं कारण तो माणसाच्या सुखात शोधत नाही, गर्दीत शोधतो. लोकसंख्या वाढते, शहरं वाढतात, दळणवळण वाढतं, आणि मुख्य म्हणजे माणसांचा एकमेकांशी संबंध दाट होतो. इथे तो डार्विन आणतो: सारख्या जिवांमध्ये स्पर्धा सगळ्यात तीव्र असते, वेगळे असले की शेजारी नांदू शकतात. म्हणजे कामं वाटून घेणं हा झगड्यातून काढलेला सौम्य मार्ग.

आता खरा मुद्दा, सेंद्रिय एकता, म्हणजे शरीरातल्या अवयवांसारखी, प्रत्येकाचं काम वेगळं आणि म्हणूनच सगळे एकमेकांवर अवलंबून. ऑपरेशन थिएटर डोळ्यांसमोर आणा. सर्जन, भूल देणारा डॉक्टर, नर्स, कोणाचा देव कोणता, कोणाचं मत कोणाला, एकमेकांना माहीत नसेल आणि गरजही नाही. पोट शिवायच्या आधी नर्स स्पंज मोजते, एक कमी भरला तर मोठ्यातला मोठा सर्जन हात थांबवतो. का थांबवतो? गरज म्हणून, हे अर्धं उत्तर झालं, कारण गरज तर त्याला लवकर घरी जायचीही असते. थांबवतो कारण मोजणी जुळल्याशिवाय शिवायचं नाही हा नियम तिथे सगळ्यांनाच बांधतो, आणि तो काही त्या दोघांनी त्या सकाळी बसून ठरवलेला नसतो.

इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरशी डरखाईमचं भांडण नेमकं इथेच आहे. स्पेन्सरच्या मते औद्योगिक समाज लोकांच्या खुशीच्या करारांवर चालतो, प्रत्येकजण आपला फायदा बघतो आणि त्यातूनच सगळं जुळतं. डरखाईम म्हणतो, करारातलं सगळंच करारातून आलेलं नसतं. शब्द पाळायचा, कुठला करार रद्दबातल, फसवणूक कशाला म्हणायचं, हे करार होण्याआधीच समाजाने ठरवलेलं असतं. नुसता स्वार्थ आज दोघांना जवळ आणतो आणि उद्या शत्रू करतो. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला हा सगळ्यात टिकाऊ युक्तिवाद.

टिकला नाही तो कायद्याचा पुरावा. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९२६ मध्ये पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवरचं दाखवलं: किनाऱ्यावरचे लोक मासे देतात, आतल्या गावचे कंद देतात, आणि देण्याघेण्याची ही बंधनं शिक्षेच्या धाकाने नाही, परस्परांच्या गरजेने पाळली जातात. म्हणजे ‘साध्या’ समाजातही सेंद्रिय म्हणावं असं बरंच काही होतं. पुढे १९६४ मध्ये श्वार्ट्झ आणि मिलर या संशोधकांनी ५१ समाज तपासले तर नुकसानभरपाई आणि मध्यस्थी बऱ्याच साध्या समाजांत सापडली, पोलीस, म्हणजे शिक्षेची यंत्रणा, मात्र श्रमविभागणी बऱ्यापैकी वाढलेल्या समाजांतच. क्रम जवळपास उलटाच निघाला की! त्यामुळे ‘आधी शिक्षा, मग भरपाई’ हे इतिहासाचं वर्णन म्हणून लिहू नये, दोन प्रकारच्या बंधांमधला फरक म्हणून वापरावं, तिथे ते अजून चालतं.

आणि शेवटचा भाग, जो वाचायचा कंटाळा केला जातो. तिथे डरखाईम श्रमविभागणीची बिघडलेली रूपं सांगतो. एक अ‍ॅनॉमीचं, म्हणजे नियमहीनतेचं, कामं इतक्या झपाट्याने वाटली गेली की नियम मागे राहिले, मग मंदी, दिवाळखोरी, मालक-मजूर संघर्ष. दुसरं सक्तीचं, नियम आहेत पण काम गुणावर नाही तर जन्मावर आणि वारशावर मिळतं. तिसरं, कामांचा मेळच नाही, माणसाला पुरेसं काम नाही आणि कामांत सांधा नाही. यातलं सक्तीचं रूप मला सगळ्यात जड वाटतं, कारण तिथे नियम नाहीत अशी तक्रार करता येत नाही, नियमच अन्यायी असतात. मार्क्सचा वाचक लगेच विचारेल की ज्याला तुम्ही बिघाड म्हणता तीच भांडवलशाहीची रोजची चाल असेल तर? डरखाईमकडे याचं पुरेसं उत्तर नाही. वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवर तो बोट ठेवतो खरा, पण सत्ता कोणाच्या हातात आहे हे विचारायला फारसा थांबत नाही.

त्याने उपाय सुचवला तो १९०२ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत: व्यवसायांचे गट, जे राज्य आणि एकटा माणूस यांच्या मधे उभे राहतील आणि त्या त्या धंद्याची नीती घडवतील. स्पंज मोजायचा नियम अशाच जागी तयार होतो. पण नीट बघितलं तर गटातली माणसं पुन्हा सारखीच की, एकच प्रशिक्षण, एकच भाषा, एकच लाज. म्हणजे मोठ्या समाजातली सेंद्रिय एकता टिकवायला आत छोटी छोटी यांत्रिक एकता लागते. तक्त्यातले दोन रकाने आधी आणि नंतर असे नाहीतच, दुसरा पहिल्याच्या आधारावर उभा आहे, आणि हा आधार १८९३ च्या मूळ मांडणीत त्याने नीट जागेवर ठेवलेला नव्हता.