मयूरसाठी: मान्सूनच्या अकरा पेपरांचा क्रम

प्रिय मयूर,

सरांनी दिलेला गठ्ठा मी काल रात्री लावून तुझ्या टेबलावर ठेवला आहे. प्रत्येक प्रिंटवर पेन्सिलने आकडा घातला आहे, त्याच क्रमाने वाच. सालांकडे बघू नकोस, क्रम सालावर लावलेला नाही. एका पेपरने उभा केलेला प्रश्न पुढचा पेपर हाताळतो, अशी ती साखळी आहे.

पहिला सुलोचना गाडगीळ यांचा 2003 चा आढावा. चाळीसेक पानं आहेत, आत्ता फक्त पूर्वार्ध घे. जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून वारा आत येतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. हॅलीने 1686 मध्ये मांडलेली कल्पना तीच. पण पाऊस कमी पडतो तेव्हा जमीन जास्त तापलेली असते. फरक जितका मोठा तितका मान्सून जोरदार, असं असतं तर हे उलट दिसायला हवं होतं. इथे थांब आणि वहीत स्वतःच्या शब्दांत लिही. हा मुद्दा पक्का झाला नाही तर पुढचं सगळं पोकळ राहील.

त्याला लागूनच सिक्का आणि गाडगीळ, 1980. उपग्रहाच्या रोजच्या ढगांच्या चित्रांवरून त्यांनी विषुववृत्तीय समुद्रावरचा ढगांचा पट्टा उत्तरेला जमिनीवर सरकताना दाखवला. आकृत्या सावकाश बघ. मला हा पेपर फार प्रिय आहे, कारण केवढी मोठी गोष्ट निव्वळ नीट बघण्यातून निघाली आहे!

तिसरा राजीवन, गाडगीळ आणि भाटे, 2010. तुझा विषय मध्य भारतातले पावसातले खंड, आणि खंड कशाला म्हणायचं ते इथे ठरतं: जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनच्या गाभा क्षेत्रातल्या पावसाची प्रमाणित विसंगती सलग किमान तीन दिवस उणे 1 च्या खाली. हा पेपर नुसता वाचू नकोस, व्याख्या स्वतः चालवून बघ. हवामान खात्याची जाळीबद्ध पावसाची फाइल लॅबच्या सर्व्हरवर आहे.

चौथा गिल, 1980. तू एमएस्सी फिजिक्सचा, त्यामुळे समीकरणं बघून हा आधी उचलावासा वाटेल. मी तेच केलं होतं. गणित जमलं, पण ते कशासाठी आहे हे महिनाभर कळलं नाही. आता मात्र कळेल: एका जागी वातावरण तापलं की पूर्वेकडे केल्विन लहर, पश्चिमेकडे रॉस्बी. पॅसिफिकमधल्या बदलाचा आपल्या पावसाशी संबंध कसा पोचतो, हे समजायला हेच चित्र डोक्यात हवं. मग पहिल्या पेपरचा उत्तरार्ध वाच.

पाच ते आठ एकाच आठवड्यात, एका बैठकीसारखे. कृष्णकुमार, राजगोपालन आणि केन (1999) म्हणतात, एल निनो आणि आपला पाऊस यांचं नातं सैल होतंय. 1997 चा एल निनो प्रचंड होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. 2002 चा त्याहून बराच सौम्य, आणि दुष्काळ पडला. हे कसं? साजी आणि सहकाऱ्यांनी (1999) हिंदी महासागरातला द्विध्रुव मांडला, तो आधी समजून घे. मग गाडगीळ आणि सहकारी (2004) विषुववृत्तीय हिंदी महासागरावरच्या दोलनातून उत्तर देतात, तर कृष्णकुमार आणि सहकारी (2006) म्हणतात की पॅसिफिक मध्यभागी तापला की पूर्वेला, यावर ठरतं. दोघांपैकी कोण बरोबर असं विचारू नकोस. कोणतं वर्ष कोणाच्या उत्तरात बसत नाही, ते शोध. तुझ्या प्रबंधाचा प्रश्न मला तिथेच दिसतो, सरांनाही.

नऊ गोस्वामी आणि सहकारी (2006), दहा रॉक्सी आणि सहकारी (2017). मध्य भारतात अतिवृष्टी वाढते आहे, मध्यम पाऊस घटतो आहे, आणि रॉक्सींच्या पेपरात अरबी समुद्रातून येणाऱ्या बाष्पाचा हात. तिसऱ्यानंतर हे सोपे जातील.

बूस आणि कुआंग (2010) मी मुद्दाम तळाशी ठेवला आहे. तिबेटचं पठार काढून फक्त हिमालय ठेवला तरी मॉडेलमधला मान्सून बहुतांशी तसाच राहतो, हे वाचून थरारून जायला होतं, पण तुझ्या कामाला तो दिवाळीपर्यंत लागणार नाही.

सोमवारी 11 वाजता भेटू. पहिले तीन वाचलेले हवेत, आणि 2002 च्या जुलैमधले खंड तू काढलेले. तारखा पेपरातल्या यादीशी जुळल्या नाहीत तरी घेऊन ये, कुठे फरक पडला ते मिळून बघू.

वैशालीताई