कव्हर लेटरचा पहिला मसुदा: अभिप्राय

प्रिय रोहिणी,

उद्यमबागेतल्या क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठीचा तुझा मसुदा जाहिरात आणि रेझ्युमे शेजारी ठेवून वाचला. आधी मराठीत लिहिलंस ते बरं केलंस. काय सांगायचं ते पक्कं झालं की इंग्रजी करायला वेळ लागत नाही. तुझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते रेझ्युमेतच राहिलंय आणि पत्राची जागा दुसऱ्याच गोष्टींनी भरलीय.

जाहिरातीत त्यांनी चार गोष्टी मागितल्यात: ड्रॉइंग वाचता येणं, फर्स्ट पीस इन्स्पेक्शन, तिन्ही शिफ्टची तयारी आणि ऑपरेटरांशी कन्नड-मराठीत बोलता येणं. पत्रात यातलं फक्त फर्स्ट पीस आलंय, तेही तिसऱ्या परिच्छेदात. त्याआधी सात ओळी 'आपली नामांकित व अग्रगण्य कंपनी' यावर गेल्यात. त्या सगळ्या काढ. कन्नडचा उल्लेख रेझ्युमेच्या शेवटी छंदांच्या खाली आहे. तो वर आण. शिफ्ट बदलताना ऑपरेटर काय सांगून गेला हे इन्स्पेक्टरला नीट कळलं नाही, तर चुकीचा लॉट पुढे जातो. म्हणूनच त्यांनी भाषा मागितलीय. 'कन्नड बोलता आणि वाचता येतं' एवढं स्पष्ट लिही. पत्ता खानापूर तालुक्यातला दिसल्यावर 'रात्रपाळीला येणार कशी?' हा प्रश्न पडणारच. अनगोळला मामांकडे राहायची सोय आहे ना, मग ते एका वाक्यात सांगून टाक.

आता पुरावा. इथे सगळ्यात जास्त काम आहे. 'मी मेहनती, प्रामाणिक असून रिजेक्शन कमी करण्यात मोलाचा वाटा उचलला' हे वाक्य कुणीही लिहू शकतं. तुझ्या अप्रेंटिसशिपच्या नोंदींत खरा मजकूर आहे: पंप बॉडीचा बोअर इन्सर्ट बदलल्यावर ओव्हरसाइझ येतो हे तुझ्या लक्षात आलं, आणि बदलानंतरचे पहिले 5 नग तपासायचं ठरलं. महिन्याला 1200 नगांमागे 48 रिजेक्ट होत होते, ते 30 वर आले. हेच लिही, पण श्रेय मोजून घे. निर्णय सुपरवायझरचा होता, नोंदी तुझ्या होत्या. 'मी रिजेक्शन 4 टक्क्यांवरून अडीचवर आणलं' असं लिहिलंस, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडकशील.

आणखी एक चूक आजच दुरुस्त कर. 62 एच7 चा बोअर व्हर्नियरने तपासला असं तू लिहिलंयस. त्या बोअरचा टॉलरन्स 0.030 मिमी, आणि व्हर्नियरचा लीस्ट काउंट 0.02. क्वालिटीचा माणूस तिथेच पत्र खाली ठेवेल. रेझ्युमेत बोअर गेज बरोबर लिहिलंयस, पत्रातही तेच हवं.

सूर फार विनवणीचा झालाय. 'घरची परिस्थिती हलाखीची असल्याने एक संधी द्यावी ही नम्र विनंती' हे वाचून मला वाईट वाटलं. परिस्थितीची लाज वाटायचं काहीच कारण नाही, पण नोकरी त्यावर मिळत नाही आणि तुला ती तुझ्या हातातल्या कामावर मिळू शकते. 'आपली आज्ञाधारक' शाळेच्या अर्जात शोभतं, इथे 'आपली विश्वासू' पुरे. उलट 'माझ्याइतकी योग्य उमेदवार मिळणार नाही' हेही नको. एकाच पत्रात दोन्ही टोकं आल्यामुळे लिहिणारी नक्की कोण, ते कळत नाही.

मसुदा सव्वाचारशे शब्दांचा आहे. तो 180 पर्यंत आण. दहावी-बारावीचे टक्के, वडिलांचा व्यवसाय, छंद सगळं जाऊ दे. सुरुवात अशी करून बघ:

'क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी अर्ज करत आहे. मेकॅनिकल डिप्लोमानंतर एक वर्ष मशीन शॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून पंप बॉडीचं फर्स्ट पीस आणि इन-प्रोसेस इन्स्पेक्शन केलं. ड्रॉइंगप्रमाणे बोअर गेज, मायक्रोमीटर आणि हाइट गेजने मापं घेऊन नोंदी ठेवत होते.'

त्यानंतर रिजेक्शनचा परिच्छेद, मग भाषा आणि शिफ्ट, शेवटी कधीपासून रुजू होऊ शकतेस ते. इंग्रजी करताना वाक्यं छोटीच ठेव. अवघड शब्द शोधत बसू नकोस. पत्र पीडीएफ करून फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव दे, आणि ईमेलच्या विषयात जाहिरातीतला पद क्रमांक टाक.

अर्जाची मुदत सोमवारपर्यंत आहे. शुक्रवारी संध्याकाळी इंग्रजी मसुदा पाठव, शनिवारी सकाळी फोनवर एकदा ओळ न् ओळ वाचून घेऊ.

तुझी,
सुनंदा मॅडम