दहावी गणित भाग 2 सराव पुस्तक, पान 203: शंकुछेदाच्या घनफळाचं उत्तर पुन्हा तपासावं ही विनंती

प्रति,
मा. संपादक, गणित विभाग

नमस्कार सर/मॅडम,

तुमच्या दहावीच्या गणित भाग 2 च्या सराव पुस्तकात (मराठी माध्यम) महत्त्वमापनाच्या प्रकरणात पान 118 वर प्रश्न 6 आहे, बादलीचा. त्यातल्या पहिल्या उपप्रश्नाचं उत्तरसूचीत पान 203 वर जे उत्तर छापलंय ते मला चुकीचं वाटतंय. नुसतं चुकलंय म्हणून पाठवलं तर कुणी बघणार नाही म्हणून सगळी रीत खाली लिहितोय, कृपया एकदा बघा.

प्रश्न असा आहे: शंकुछेदाच्या आकाराच्या बादलीच्या वरच्या व खालच्या कडेच्या त्रिज्या अनुक्रमे 14 सेमी व 7 सेमी, तिरकस उंची 25 सेमी. (i) बादलीचे घनफळ काढा. (ii) बादलीचे वक्रपृष्ठफळ काढा. (π = 22/7)

उत्तरसूचीत: (i) 8983.33 घसेमी (ii) 1650 चौसेमी.

आता घनफळाच्या सूत्रात जी h आहे ती लंब उंची, म्हणजे तळापासून तोंडापर्यंत सरळ उभी. प्रश्नात दिलीय ती तिरकस, म्हणून आधी h काढावी लागते.

l² = h² + (r1 − r2)²
25² = h² + (14 − 7)²
625 = h² + 49
h² = 576
h = 24 सेमी

मग घनफळ,

V = 1/3 × π × h × (r1² + r2² + r1 × r2)
= 1/3 × 22/7 × 24 × (196 + 49 + 98)
= 22/7 × 8 × 343
= 22 × 8 × 49
= 8624 घसेमी

म्हणजे 8.624 लीटर. सूत्रावर विसंबून न राहता दुसऱ्या वाटेनेही काढून बघितलं. बादली खाली तशीच निमुळती वाढवत नेली की पूर्ण शंकू होतो, त्रिज्या 24 सेमीत 7 ने कमी होतेय म्हणजे 14 ची शून्य व्हायला 48 सेमी लागणार, तर मोठा शंकू त्रिज्या 14 उंची 48 आणि खालचा छोटा शंकू त्रिज्या 7 उंची 24, मोठ्यातून छोटा वजा करायचा:

1/3 × 22/7 × (196 × 48 − 49 × 24)
= 1/3 × 22/7 × (9408 − 1176)
= 1/3 × 22/7 × 8232
= 8624 घसेमी

तेच आलं.

मग 8983.33 कुठून आलं असेल? h च्या जागी थेट 25 टाकून बघा:

1/3 × 22/7 × 25 × 343 = 26950/3 = 8983.33

बरोब्बर तुमचं छापील उत्तर. म्हणजे तिरकस उंचीच लंब उंची म्हणून वापरली गेलीय असं दिसतं. तसंही ज्याने हे गणित रचलं त्याने 7, 24, 25 हे त्रिकूट आणि 22/7 विचार करूनच घेतलेले दिसतात, सगळं छान कापलं जाऊन पूर्णांक उत्तर येतं, तिथे शेवटी .33 उरणं मलाच खटकलं.

तुम्ही म्हणाल की प्रश्नातच छपाईची चूक असेल, 25 ही लंब उंचीच द्यायची असेल, तर तेही करून बघितलं. तसं धरलं तर (i) 8983.33 बरोबर ठरतं पण मग तिरकस उंची √(625 + 49) = √674 म्हणजे साधारण 25.96 येते आणि वक्रपृष्ठफळ 22/7 × 25.96 × 21 म्हणजे जवळपास 1713 चौसेमी व्हायला पाहिजे, तुम्ही 1650 दिलंय. 1650 येतं ते l = 25 धरूनच: 22/7 × 25 × 21 = 1650. म्हणजे एकाच बादलीची 25 ही (i) मध्ये उभी उंची आणि (ii) मध्ये तिरकी, दोन्ही एकदम बरोबर असूच शकत नाहीत. प्रश्न आहे तसा वाचला तर (ii) बरोबर आणि (i) चूक, एवढंच उरतं.

मी अंबडला पत्रा कामात आहे, शंकूच्या आकाराचे हॉपर आमच्याकडे रोज बनतात. हॉपरची डेव्हलपमेंट पत्र्यावर काढताना तिरकी लांबी लागते कारण पत्रा तिरका बसतो, पण माल किती मावेल हे विचारलं तर ड्रॉइंगवरची उभी उंचीच धरायची, तिथे तिरकी धरली तर गिऱ्हाइकाला सांगितलेला माल हॉपरमध्ये बसणारच नाही. या बादलीचा पत्रा सपाट केला तर बाहेरची त्रिज्या 50, आतली 25 आणि कोन 100.8 अंश येतो, त्याचं क्षेत्रफळ काढलं तरी 1650 च येतं. म्हणून (ii) बद्दल मला काही शंका नाही.

एवढं लांब लिहायचं कारण म्हणजे माझ्या मुलीने हे गणित पहिल्यांदा बरोबर सोडवलं होतं. वहीत h = 24 काढलेलं आहे, खाली 8624 आहे, त्यावर आडवी रेघ मारलीय आणि बाजूला 25 टाकून 8983.33 आणलंय, कारण मागे तसं छापलंय. क्लासच्या ग्रुपवर बघितलं तर बऱ्याच मुलांनी तेच केलंय. मुलं उत्तरसूचीवर स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवतात, आणि इथे उत्तर जुळवायच्या नादात आकडेमोड नाही तर रीतच चुकीची पक्की होतेय. पेपर 40 मार्कांचा, त्यात शंकुछेदाचं गणित आलं आणि पोराने उंची न काढता थेट 25 टाकले तर पायरीचेही मार्क जाणार आणि उत्तराचेही. ज्यांच्या घरी कुणी तपासून बघणारं नाही त्या मुलांची मला जास्त काळजी वाटते.

पुस्तक चांगलं आहे, हे मनापासून सांगतो. आकृत्या स्वच्छ आहेत आणि सोप्याकडून अवघडकडे गणितं नीट लावलीयत, त्यामुळेच शालिमारच्या दुकानात चार पुस्तकं चाळून मी हेच घेतलं.

माझी विनंती एवढीच की तुमच्या गणिताच्या तज्ज्ञांकडून हे तपासून घ्या, बरोबर असेल तर पुढच्या छपाईपर्यंत न थांबता वेबसाईटवर शुद्धिपत्रक टाका आणि दुकानात शिल्लक असलेल्या प्रतींमध्ये एक छोटी चिठ्ठी घाला. त्याच पानावर तिरकस उंची दिलेली अजून दोन गणितं आहेत, प्रश्न 8 आणि 11, त्यांची उत्तरं मी पडताळली, ती बरोबर आहेत, तेव्हा गडबड फक्त या एकाच ठिकाणी दिसतेय. माझ्या रीतीत काही चुकलं असेल तर कोणत्या पायरीला ते जरूर कळवा, मी मुलीला आणि ग्रुपवर तसं सांगेन. सोबत पान 118 आणि 203 चे फोटो आणि मुलीच्या वहीच्या पानाचा फोटो जोडलाय. उत्तर लवकर दिलंत तर बरं होईल, तिची पूर्वपरीक्षा जवळ आलीय.

आपला,
सुनील (मृण्मयीचे बाबा)
पाथर्डी फाटा, नाशिक