पर्यावरण व्यवस्थापन आराखडा : राज्यमार्ग रुंदीकरण, केज तालुका, जि. बीड

1. काम आणि त्याची मुख्य अडचण

सध्याचा 7 मीटरचा डांबरी रस्ता दोन्ही बाजूंना वाढवून 10 मीटर करायचा आहे. लांबी 18.4 किमी, मुदत 18 महिने. रस्त्याला लागून पाच गावे, दोन जिल्हा परिषद शाळा आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. धूळ आणि आवाज यांचा त्रास काम संपले की थांबेल. उकरलेली काळी माती मात्र चुकीच्या जागी पडली तर पुढची कित्येक वर्षे छळते, म्हणून या आराखड्यात तिला जास्त जागा दिली आहे.

2. उकरलेली माती

दोन्ही बाजूंना प्रत्येकी 2 मीटर रुंद आणि सरासरी 0.8 मीटर खोल खोदाई होईल. त्यातून सुमारे 58,900 घनमीटर माल निघेल. वरचा 15 सेंमीचा सुपीक थर (11,000 घनमीटर) वेगळा काढून दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवावा. भरावाचा उतार आणि झाडांचे खड्डे यांना तोच वापरावा. चांगला मुरूम (18,900 घनमीटर) तपासणीनंतर भरावात जाईल. उरलेली 29,000 घनमीटर काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळे ती भरावात घेता येत नाही.

ही माती माळरानाच्या हलक्या जमिनींना उपयोगी पडते. ज्या शेतकऱ्यांना ती हवी आहे त्यांची गट क्रमांकासह लेखी संमती घ्यावी आणि तहसीलदारांची परवानगी मिळाल्यावरच टिपर हलवावा. उकरल्यावर माती साधारण सव्वापट होते. 10 घनमीटरच्या टिपरला 3,600 हून जास्त खेपा लागतील, तेव्हा मागणीची यादी खोदाईआधीच तयार हवी. "नंतर बघू" म्हटले की टिपर जवळच्या ओढ्याकडे वळतो. अशाच एका जुन्या कामात ओढ्याकाठी रिकाम्या केलेल्या मातीने पहिल्याच मोठ्या पावसात नळकांडी पूल तुंबला आणि पाणी सोयाबीनच्या उभ्या पिकात शिरले.

ओढा, नाला, विहीर, पाझर तलाव यांच्यापासून 50 मीटरच्या आत माती टाकण्यास मनाई राहील. 31 मेपर्यंत रस्त्याकडेला एकही ढीग राहू नये. खरवडलेले जुने डांबर शेतात देऊ नये. ते वेगळे साठवून बाजूपट्टीच्या खालच्या थरात वापरावे. यंत्रांचे जळके तेल नोंदणीकृत खरेदीदारालाच द्यावे.

3. धूळ

मुरुमाचा थर उघडा असेल तिथे 10,000 लिटरच्या तीन टँकरने दिवसातून तीन वेळा फवारा मारावा, मार्च ते मे पाच वेळा. काळ्या मातीवर मात्र पाणी बेतानेच मारावे, नाहीतर वळणरस्त्यावर दुचाक्या घसरतात. हे पाणी पिण्याच्या विहिरीतून किंवा गावाच्या बोअरमधून घेऊ नये. खदानीत साचलेले पाणी वापरावे. उन्हाळ्यात गाव टँकरवर असताना ठेकेदाराचा टँकर रस्त्यावर पाणी ओतताना दिसला, तर काम बंद पडायला तेवढे कारण पुरते.

टिपरवर ताडपत्री आणि वळणरस्त्यावर ताशी 20 किमी वेग बंधनकारक. कापूस फुटलेल्या शेतांलगत वेचणी होईपर्यंत खोदाई पुढे ढकलावी. हॉटमिक्स प्लांट व खडी क्रशर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय सुरू करू नयेत.

4. आवाज

वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, शाळा-आरोग्य केंद्राच्या 100 मीटर परिसरात दिवसा 50 व रात्री 40 ही मर्यादा. रात्री 10 ते सकाळी 6 वस्तीत यंत्रे बंद. दहावी-बारावीच्या लेखी परीक्षांच्या काळात परीक्षा केंद्रासमोर ब्रेकर चालवू नये.

रस्त्याला चिकटून माळवदाची 14 घरे आहेत. तिथे रोलर कंपन बंद ठेवूनच फिरवावा आणि कामाआधी घरमालकासमोर भिंतींचे फोटो काढावेत. नंतर तडा नवा की जुना, हा वाद त्यावरच सुटेल.

5. देखरेख आणि जबाबदारी

ठेकेदाराचा पर्यावरण अधिकारी रोज फवाऱ्याच्या फेऱ्या आणि मातीच्या खेपा नोंदवेल. प्रत्येक खेपेच्या पावतीवर शेतकऱ्याची सही हवी. सल्लागार अभियंता दर आठवड्याला प्रत्यक्ष पाहणी करेल आणि खेपा खोदाईच्या मोजमापाशी ताडून पाहील.

हवा व आवाज मोजणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून काम सुरू होण्यापूर्वी एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी पाच ठिकाणी होईल. पीएम 10 ची 24 तासांची मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. उन्हाळ्यात इथली हवा मुळातच धुळकट असते. म्हणून नमुने वाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बाजूंना घ्यावेत, म्हणजे कामाची धूळ वेगळी कळेल.

तक्रारवही प्रत्येक ग्रामपंचायतीत राहील. धुळीच्या तक्रारीवर 24 तासांत, मातीच्या तक्रारीवर 72 तासांत कार्यवाही करून तक्रारदाराची सही घ्यावी. खेपांच्या पावत्या आणि तक्रारवहीची प्रत जोडल्याशिवाय कार्यकारी अभियंता त्या महिन्याचे खोदाईचे देयक मंजूर करणार नाहीत.