पुढचं अक्षर

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणूनच शर्वरीने फायरवॉलला हात घातला.

रात्री अकरा वाजता तिने नऊ लॅबचे जुने रिपोर्ट नव्या डेटाबेसमध्ये हलवायला सुरुवात केली होती. पावणेदोनच्या सुमारास ६३ टक्के काम झालं होतं, अजून दीड तास तरी जाणार होता. वाट बघण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. सर्व्हरमध्ये काय आत येऊ द्यायचं हे ठरवणारे फायरवॉलचे नियम तीन वर्षांत वाढत वाढत गेले होते. कुणी कुठल्या कामासाठी टाकले, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बसल्या बसल्या एवढं आवरून टाकू, असं तिला वाटलं. जुने नियम पुसायचे आणि नवी, नीट लिहिलेली यादी चढवायची. यादी बाजूच्या खिडकीत तयार होती.

```
iptables -F
```

एंटर. प्रॉम्प्ट लगेच परत आला. तिने यादीतली पहिली ओळ टाइप करायला घेतली, पण अक्षर उमटलं नाही.

तिने आणखी दोन कळा दाबल्या. कर्सर होता तिथेच लुकलुकत राहिला. आपण दाबलेलं अक्षर पलीकडच्या सर्व्हरकडे जातं आणि तिथून परत येतं तेव्हाच पडद्यावर दिसतं, हे तिला पाठ होतं. पलीकडून काही परत येत नव्हतं. घड्याळात १:४२ झाले होते.

मग ध्यानात आलं आणि पोटात खड्डा पडला. `-F` नियम पुसतो, पण मूळ धोरण पुसत नाही. INPUT चं धोरण DROP होतं. आत यायला परवानगी देणारा प्रत्येक नियम तिने स्वतः खोडला होता आणि "बाकी सगळं अडवा" एवढंच शिल्लक राहिलं होतं. सर्व्हरला बाहेर बोलता येत होतं, म्हणून तर प्रॉम्प्ट आला. तिचं मात्र आता त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

हात ऐकेनात. त्या गोठलेल्या खिडकीतच तिने अडलेली अक्षरं खोडायला बॅकस्पेस दाबला आणि धोरण उलटवून सगळं आत येऊ देणारं `iptables -P INPUT ACCEPT` टाइप करून एंटर मारलं. मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. एकही अक्षर दिसलं नाही. नव्या खिडकीतून लॉगिन करून पाहिलं, तर नकारसुद्धा येईना. नकार आला असता तर निदान कुणीतरी ऐकतंय एवढं तरी कळलं असतं.

रीबूट केलं तर काम होणार होतं. जुने नियम `/etc/iptables/rules.v4` मध्ये जपून ठेवलेले होते. मशीन पुन्हा उठलं की ते आपोआप चढले असते. पण रीबूट म्हणजे ६३ टक्के काम पाण्यात. दोन वाजता पहिल्यापासून सुरुवात केली तर संपायला सव्वासहा, आणि लॅब सहाला उघडतात. सकाळी रिकाम्यापोटी रक्त द्यायला आलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली.

पण ते काम आत चालू तरी आहे का? DROP मध्ये मशीनचा स्वतःशी चाललेला संवादही अडतो, 127.0.0.1 सुद्धा. स्क्रिप्ट त्या वाटेने डेटाबेसशी बोलत असेल तर ती केव्हाच अडकली असणार. शर्वरीने डोळे मिटून कॉन्फिगची फाइल आठवली. होस्टची ओळ तिने रिकामी सोडली होती. म्हणजे जोडणी सॉकेट फाइलमधून, नेटवर्कचा संबंधच नाही. काम चालू होतं.

तिने डेटा सेंटरला फोन लावला. १:४६.

"बोला मॅडम."

"दादा, माझी चूक झालीये. मी फायरवॉलचे नियम पुसून बसलेय आणि बाहेरच अडकलेय. मशीन बंद नाही करायचं. मॉनिटर-कीबोर्डची ट्रॉली लावून तुम्ही माझ्यासाठी एक कमांड टाइप कराल?"

"रॅक नंबर सांगा."

तिने सांगितला. फोनवर ट्रॉलीच्या चाकांची खडखड ऐकू येत राहिली, मग पंख्यांचा घोंगाट वाढला. वायर लावल्याचा आवाज आला.

"लॉगिन मागतंय."

रूटचा पासवर्ड सर्व्हर बसवला त्या दिवशी तिने डायरीत लिहून ठेवला होता. तो कुणाला फोनवर सांगायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. क्षणभर ती थांबली. सकाळच्या आधी बदलायचाच, असं ठरवून तिने एकेक अक्षर सांगितलं. मोठं, लहान, आकडा. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आत गेलो. आता हळू सांगा मॅडम, मला ह्यातलं फार कळत नाही, पण सांगाल तसं लिहीन."

"iptables, मधे जागा न सोडता आडवी रेघ, restore. मग जागा. मग कोनाची खूण, टोक डावीकडे."

"ह्याचं टोक डावीकडे... हो, सापडलं."

"जागा. तिरकी रेघ, etc, तिरकी रेघ, iptables, तिरकी रेघ, rules, टिंब, v, चार. आता मला वाचून दाखवा."

```
iptables-restore < /etc/iptables/rules.v4
```

त्याने अक्षरन्‌अक्षर वाचलं. कुठे घाई नाही, कुठे अंदाज नाही. तिच्या मनात त्या अनोळखी माणसाबद्दल कृतज्ञता दाटून आली.

"एंटर मारू?"

"मारा."

१:५४. नव्या खिडकीत लॉगिन झालं. तिने आधी काम पाहिलं, ६८ टक्के. तिचा आवाज भरून आला. "झालं दादा. एक करा, exit लिहून बाहेर पडा आणि मगच वायर काढा. फार उपकार झाले."

"असू द्या मॅडम, रात्री होतं असं."

तिने फोन ठेवला आणि पासवर्ड बदलला. मग जुनी खिडकी बंद करायला माउस नेला आणि हात थांबला.

त्या खिडकीत दाबलेल्या कळा हरवल्या नव्हत्या. तिचा संगणक त्या अजून पाठवून बघत होता, थोड्या थोड्या वेळाने, शेवटी शेवटी दोन-दोन मिनिटांनी. पंधरा मिनिटं उत्तर आलं नसतं तर त्याने नाद सोडला असता. आता वाट मोकळी होती आणि रांगेत `iptables -P INPUT ACCEPT` उभं होतं, तीन वेळा. पोचलं की चालणार. जे नियमात बसत नाही ते अडवा, एवढंच तर त्या फायरवॉलचं काम. ते धोरणच उलटणार होतं, रुग्णांचे रिपोर्ट असलेल्या मशीनवर, आणि वरून सगळं ठीक दिसत राहिलं असतं. खिडकी बंद करूनही भरवसा नव्हता. रांगेतलं आधीच निघालेलं असतं.

ती दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून बसून राहिली.

१:५५ ला जुनी खिडकी जागी झाली. अडकलेली ओळ एका दमात उमटली, खालोखाल दुसरी, तिसरी, प्रत्येकीनंतर शांत, आज्ञाधारक प्रॉम्प्ट. बारा-तेरा मिनिटांपूर्वीची तिची घाबरगुंडी तिच्यासमोर लिहून आली होती.

नव्या खिडकीत तिने नियम तपासले. धोरण ACCEPT. ते परत DROP करायचं होतं. परवानगीचे नियम या वेळी जागेवर होते, तिने ते एकेक करून बोट ठेवून वाचले. तरी कमांड लिहायच्या आधी, पुन्हा अडकलोच तर पाच मिनिटांनी वाट आपोआप उघडावी म्हणून, तिने हे लिहिलं:

```
echo "iptables -P INPUT ACCEPT" | at now + 5 minutes
```

मग DROP. एंटर. मग एक कळ दाबली आणि अक्षर येण्याची वाट पाहिली.

आलं. तिने तिसरी खिडकी उघडून पुन्हा लॉगिन केलं, तेही झालं. at मधलं काम रद्द केलं, आणि सकाळच्या टीमसाठी नोंद लिहायला घेतली: "१:४२ वाजता मी INPUT चं धोरण न पाहता सगळे नियम पुसले."